पाळीतला वास: नेहमीचा कोणता, तपासून घ्यावा असा कोणता

पाळीच्या रक्ताला वास असतो आणि तो असायचाच. रक्तात लोह असतं, त्यामुळे ताज्या रक्ताचा वास लोखंडी येतो. शेवटच्या एक-दोन दिवसांत रक्त हळूहळू बाहेर पडतं, वाटेतच जुनं होतं, रंग तपकिरी होतो आणि तोच वास जरा उग्र लागतो. तो पॅड बदलताना आपल्याला जाणवतो, शेजारी बसलेल्या बाईला नाही. पाळी संपली, अंघोळ झाली की तो जातो.

मी खान्देशात सिस्टर म्हणून काम करते. ओपीडीत बायका येतात, "ताई, वास येस" एवढंच म्हणतात आणि खाली बघतात. पुढचं सगळं आम्हाला विचारून काढावं लागतं. कसला वास, कधीपासून, सोबत काय जातं, हे त्यांनी स्वतः कधी नीट पाहिलेलंच नसतं. म्हणून काय पाहायचं आणि कोणत्या क्रमानं, ते इथे लिहिते. ज्या मुलींनी नुकतंच पॅड सोडून टॅम्पॉन, म्हणजे योनीत आत घालायची दोरीची कापसाची वळी, वापरायला घेतलं आहे, त्यांनी मधला भाग नीट वाचावा.

आधी वास कुठून येतोय ते ठरवा

पुष्कळ वेळा वास शरीराचा नसतोच, पॅडचा किंवा कापडाचा असतो. रक्त शरीराबाहेर आलं, त्याला हवा, घाम आणि ऊब मिळाली की त्यात जंतू वाढतात आणि काही तासांत वास सुटतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या उन्हात केळीच्या बागेत किंवा एसटीच्या लांब प्रवासात एकच पॅड सकाळपासून दुपारपर्यंत राहिलं, तर वास येणारच. तो आजार नाही. रक्त कमी जात असलं तरी पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं. कापड वापरत असाल तर ते साडीखाली लपवून सावलीत वाळवू नका. दमट राहिलेल्या कापडाला कुबट वास येतो आणि तोच पुढच्या पाळीत अंगाला लागतो. उन्हाची आपल्याकडे काही कमी नाही, कापड त्यातच कडक वाळू द्या.

ठरवण्याची पद्धत सोपी आहे. अंघोळ करा, बाहेरून साध्या पाण्यानं धुवा, धुतलेली सुती निकर आणि नवं पॅड घ्या. तासाभरानं बाथरूममध्ये जाऊन पाहा. वास गेला असेल आणि पाच-सहा तासांनी पुन्हा येत असेल, तर तो पॅडचा आणि घामाचा. ताज्या पॅडवरही तासाभरात तोच वास आला, तर तो आतून येतोय. अजून शंका असेल तर हात साबणानं धुवून एक बोट योनीमार्गात थोडं आत घाला आणि बोटावर आलेल्या स्रावाचा वास घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही. जांघेतल्या घामाचा वास आणि आतल्या स्रावाचा वास यांतला फरक याच एका कृतीतून कळतो. लघवी थेंब थेंब गळत असेल तरी निकरला वास येतो, पण तो लघवीचा असतो आणि बोटावर येत नाही.

आतला नेहमीचा वास आंबूस का असतो

निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू राहतात. दह्यात असतात त्याच कुळातले. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे योनी आंबट राहते आणि वाईट जंतूंना तिथे वाढता येत नाही. या आंबटपणाचं माप, म्हणजे पीएच, साधारण ३.८ ते ४.५ असतं. म्हणून योनीच्या स्रावाला जरासा आंबूस वास येतो आणि तो चांगल्या तब्येतीचा वास आहे.

रक्त मात्र आंबट नाही, त्याचा पीएच ७.४ च्या आसपास असतो. पाळीच्या चार-पाच दिवसांत योनीचा आंबटपणा कमी होतो. वीर्यही असंच आहे, तेही आंबटपणा घालवतं. म्हणूनच कित्येक बायका सांगतात की पाळीनंतर किंवा नवरा-बायकोच्या संबंधानंतर वास जास्त येतो. हे बोलणं डॉक्टरांसाठी फार उपयोगाचं असतं, लाजून गाळू नका.

साबण, जंतुनाशक, लिंबाचं किंवा तुरटीचं पाणी आत सोडून धुतलं की हे चांगले जंतू वाहून जातात. वास दोन दिवस कमी वाटतो आणि मग आधीपेक्षा वाढतो. मग बाई आणखी धुते. हा फेरा आम्ही फार बघतो. आतून काहीही धुवायचं नाही, बाहेरून साधं पाणी पुरतं.

वास आणि स्राव एकत्र पाहा

एकट्या वासावरून काही ठरत नाही. निकरवरचा रंग, घट्टपणा, खाज आहे की नाही, ओटीपोट दुखतंय का, हे सगळं एकत्र पाहायचं.

सगळ्यांत जास्त दिसतो तो माशासारखा, वशट वास. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत मासे कधी शिजतच नाहीत, त्या बायका त्याला "हिरवट" किंवा "कसलातरी घाण" म्हणतात. सोबत पातळ, राखाडी-पांढरं पाणी जातं, खाज फारशी नसते आणि पाळीनंतर वास चढतो. याला डॉक्टर बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. बाहेरून आलेला रोग नाही, आतल्याच जंतूंचं प्रमाण बिघडलेलं असतं. लग्न न झालेल्या मुलीलाही होतो, त्यामुळे कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवायचं कारण नाही. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या, बहुधा दिवसातून दोन वेळा सात दिवस, यावर चालतात. तोंडाला धातूची चव येते, मळमळतं, म्हणून बायका तिसऱ्या दिवशी सोडून देतात आणि मग तो परत येतो. पूर्ण कोर्स घेतल्यावरही काही महिन्यांत परत येऊ शकतो, त्यात तुमची चूक नसते, पुन्हा दाखवायचं. गरोदर असाल तर मेडिकलमधून गोळी घेऊ नका, आधी डॉक्टरांना सांगा.

खूप खाज, आग, घट्ट गाठीगाठींचं पांढरं आणि वास जवळपास नाही, असं असेल तर ती बुरशी. औषध पूर्ण वेगळं आहे. पिवळसर-हिरवं, फेसाळ पाणी, वास आणि खाज दोन्ही, असं असेल तर ट्रायकोमोनास नावाच्या जंतूचा संसर्ग असू शकतो. तो संबंधातून पसरतो, म्हणून नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्याच लागतात, नाहीतर दोघांत तो फिरत राहतो.

सडका वास: आत काही राहिलंय का?

आता मुख्य मुद्दा. वरच्या कशातच न बसणारा एक वास आहे. तो सडका, कुजका असतो. एकदा घेतला की विसरता येत नाही. कपडे बदलले, अंघोळ केली तरी जात नाही, आणि खोलीत दुसऱ्यालाही येतो. सोबत तपकिरी, राखाडी किंवा किंचित लालसर पाणी जातं. पाळी संपून काही दिवस झालेत आणि असा वास येतोय, आणि तुम्ही टॅम्पॉन वापरता, तर पहिला प्रश्न हाच: शेवटचा टॅम्पॉन बाहेर काढल्याचं तुम्हाला नक्की आठवतंय का?

एका मुलीची गोष्ट सांगते, तिची ओळख कळेल असं काही न लिहिता. पोलीस भरतीची तयारी करत होती. मैदानी चाचणीचा दिवस पाळीच्या चौथ्या दिवशी आला. धावताना पॅड सरकतं म्हणून मैत्रिणीनं टॅम्पॉन दिलं. सकाळी एक लावलं, सगळा दिवस ग्राउंडवर रांगेत गेला. संध्याकाळी रूमवर येऊन दमून पडली. रात्री पॅडवर डाग नाही म्हणून वाटलं की सकाळचं काढलेलंच आहे, आणि खात्रीसाठी दुसरं लावलं. सकाळी दुसऱ्याची दोरी ओढून ते काढलं. पहिलं दुसऱ्याच्या दाबानं वर सरकलं होतं, दोरीही त्याच्यासोबत आत गेली होती. पाळी संपली होती, त्यामुळे पुन्हा तिकडे लक्ष जायचं कारणच उरलं नाही.

पाच-सहा दिवसांनी वास सुरू झाला. तिला वाटलं घामाचा. दिवसातून दोनदा अंघोळ, साबण, पावडर, सगळं झालं. मग मेडिकलवाल्यानं पांढऱ्या पाण्याच्या म्हणून गोळ्या दिल्या. दोन-तीन दिवस वास थोडा कमी झाला, गोळ्या संपल्यावर परत तसाच. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: गोळीनं जंतू तात्पुरते मरतात, पण ते ज्यावर वाढतात ती वस्तू आतच असते. गोळ्यांनी हटून परत येणारा सडका वास म्हणजे आत काहीतरी आहे का, हे बघायचंच. आमच्याकडे आली तेव्हा ताप नव्हता, खाज नव्हती, निकरवर फक्त राखाडी-तपकिरी डाग होता. डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि दोन मिनिटांत टॅम्पॉन निघालं. ते लगेच पाण्याच्या भांड्यात बुडवलं, कारण उघड्यावर ठेवलं तर सगळी खोली वासानं भरते. त्या मुलीला सगळ्यात मोठी भीती होती की ते पोटात गेलं असेल. तसं होत नाही. योनीमार्ग सात ते दहा सेंटीमीटरच्या आसपासचा, वरून बंद असलेला मार्ग आहे. वर गर्भाशयाचं तोंड असतं आणि त्याचं छिद्र इतकं बारीक की टॅम्पॉन त्यातून जाऊच शकत नाही. ते हरवत नाही, फक्त वर कोपऱ्यात आडवं होऊन बसतं.

असं तीन वेळी जास्त होतं: एकावर दुसरं लावलं तर, पाळीच्या अगदी शेवटी रक्त कमी असताना लावलेलं राहून गेलं तर, आणि टॅम्पॉन आत असतानाच संबंध आला तर. निसटलेला निरोध आत राहिला तरी असाच वास येतो. तसं असेल तर गर्भ राहण्याचाही प्रश्न असतो, तोही लगेच विचारायचा.

घरी काढून पाहायचं असेल तर

ताप नाही, चक्कर नाही, ओटीपोट दुखत नाही, असं असेल तरच घरी एकदा प्रयत्न करा. नखं कापा, अंगठ्या काढा, हात साबणानं कोपरापर्यंत धुवा. लघवी करून घ्या, मूत्राशय रिकामं असलं की आत जागा होते. मग उकिडवं बसा. आपल्या देशी संडासात बसतो तसंच, ती बसण्याची पद्धत यासाठी उत्तम आहे, कारण योनीमार्ग आखूड होतो आणि वस्तू खाली येते.

संडासला होताना लावतो तसा हलका जोर तीन-चार वेळा लावा. त्यानंतर एक किंवा दोन बोटं आत घालून आधी दोरी लागते का ते पाहा. लागली तर हळू, सरळ, खाली ओढा. नसेल तर बोट पूर्ण आत नेऊन कडेनं गोल फिरवा, विशेषतः वरच्या मागच्या बाजूला. टॅम्पॉन ओल्या कापसाच्या गोळ्यासारखं लागतं. नाकाच्या शेंड्यासारखा टणक, गुळगुळीत, मध्ये खळगा असलेला गोल भाग लागला तर ते गर्भाशयाचं तोंड आहे, ते ओढू नका. टॅम्पॉन लागलं तर दोन बोटांच्या मध्ये धरून जोर लावता लावता बाहेर आणा.

चिमटा, पिन, पेन्सिल, चमच्याचा दांडा, काही म्हणजे काही आत घालायचं नाही. दुखलं, रक्त आलं, किंवा दहा-पंधरा मिनिटांत हाताला लागलं नाही, की थांबा आणि दवाखान्यात या. घाबरलात की तिथले स्नायू आवळतात आणि ते आणखी वर जातं.

निघालं तर ते सगळं निघालं का, तुकडा राहिला नाही ना, ते पाहा. कागदात दोन-तीन वेढे देऊन, पिशवीत बांधून टाका. संडासात टाकू नका. नंतर आतून धुवायची गरज नाही, आणि नुसतं टॅम्पॉन निघालं, त्रास काही नाही, तर बहुतेक वेळा अँटिबायोटिकही लागत नाही. वास एक-दोन दिवसांत जातो. तोपर्यंत पॅड वापरा, नवं टॅम्पॉन नको. दोन-तीन दिवसांनीही वास तसाच असेल किंवा ताप आला तर दाखवा.

थांबायचं नाही असं काही

टॅम्पॉन आत आहे किंवा नुकतंच काढलंय आणि अचानक जोराचा ताप आला, १०२ च्या वर, अंगावर उन्हानं भाजल्यासारखी लाली उठली, उलट्या-जुलाब सुरू झाले, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, तर हा टॉक्सिक शॉक सिंड्रोम असू शकतो. फार क्वचित होतो, पण काही तासांत बीपी कोसळतं. इथे एक घोटाळा होतो: यात वास असेलच असं नाही, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात ताप, उलटी, चक्कर म्हटलं की सगळे ऊन लागलं म्हणतात. म्हणून टॅम्पॉन हाताला लागत असेल तर काढा, १०८ ला फोन करा आणि पोहोचल्या पोहोचल्या "मी टॅम्पॉन वापरत होते" हे वाक्य स्वतः बोला. कुणी विचारेल याची वाट पाहू नका.

हे टाळायचं असेल तर टॅम्पॉन चार ते आठ तासांत बदला, आठच्या वर कधीच ठेवू नका, आणि रक्त जेवढं जातं त्याला पुरेल असं लहानात लहान घ्या. रात्री झोप जास्त होणार असेल तर पॅडच बरं. मोबाइलवर अलार्म लावा. पाळीचं शेवटचं टॅम्पॉन काढलं की कॅलेंडरवर खूण करा. त्या भरतीच्या मुलीला मी हेच सांगितलं होतं.

बाळंतपण किंवा गर्भपातानंतर येणारा सडका वास वेगळा आणि जास्त गंभीर धरायचा. बाळंतिणीला सहा आठवड्यांपर्यंत रक्त आणि नंतर पिवळट पाणी जाऊ शकतं, पण त्याला पाळीसारखाच वास हवा. वास कुजका झाला, थंडी वाजून ताप आला, ओटीपोट दुखलं, तर वारेचा तुकडा किंवा टाके घालताना वापरलेला कापडी बोळा आत राहिलेला असू शकतो. "बाळंतिणीचा वास येतोच" म्हणत घरात बसवून ठेवू नका, त्याच दिवशी न्या.

ओटीपोटात दुखणं, ताप आणि घाण वास एकत्र असतील, तर गर्भाशयाला आणि नळ्यांना सूज असू शकते. उशीर झाला तर पुढे मूल राहायला अडचण येते, म्हणून त्याच दिवशी दाखवा. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी बंद झालेल्या बाईला पुन्हा डाग लागणं, आणि पाण्यासारखा घाण वासाचा स्राव, यात गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करूनच घ्या. पाळी न आलेल्या लहान मुलीच्या निकरवर घाण वासाचा डाग दिसला, तर खेळताना मणी, बी किंवा कागद आत गेलेला असू शकतो. घरी शोधू नका, डॉक्टरांकडे न्या. तिला कुणी त्रास दिला नाही ना, हेही एकटीत, न रागावता विचारा.

दवाखान्यात काय सांगायचं

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय चालेल, सिव्हिलमध्ये गेलात तर सुरक्षा क्लिनिक विचारा. तिथे पांढऱ्या पाण्याच्या, वासाच्या तक्रारीसाठी मोफत तपासणी आणि औषधं मिळतात. ओपीडीत गर्दी असते, सगळ्यांसमोर बोलायचं नसेल तर केसपेपरच्या मागे चार ओळी लिहून द्या: शेवटची पाळी कधी सुरू झाली आणि कधी संपली, वास कधीपासून, पाण्याचा रंग, खाज किंवा दुखणं, टॅम्पॉन-कप वापरता का, तांबी आहे का, गरोदर असण्याची शक्यता, आणि कोणत्या गोळ्या आधीच घेतल्या. जाण्याआधी दोन दिवस आतून धुऊ नका आणि संबंध ठेवू नका, नाहीतर तपासणीत स्रावच नीट सापडत नाही.

तपासणीत स्पेक्युलम नावाचं उपकरण हळू आत घालून बघतात, दाब जाणवतो, चिरफाड नसते. कापसाच्या काडीवर स्राव घेऊन पीएच बघतात, काही ठिकाणी मायक्रोस्कोपखालीही. बाई डॉक्टर किंवा सोबत सिस्टर हवी, असं स्पष्ट म्हणा, तो तुमचा हक्क आहे. कधीच संबंध आलेला नसेल तर तेही आधी सांगा. मग डॉक्टर बहुतेक वेळा लक्षणांवरून औषध देतात, आणि टॅम्पॉन काढायचंच असेल तर लहान मापाचं स्पेक्युलम वापरतात.